‘घाला’ की ‘घालावे’: भुट्ट्याच्या किसाची पाककृती तपासताना

इंदूरमधील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत पाककृतींचा एक विभाग असतो आणि त्यातला मजकूर छपाईपूर्वी तपासण्याचे काम माझ्याकडे असते. पाककृती हाती आली की पहिल्या वाचनात मी फक्त क्रियापदे वाचते आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने रेघ ओढते. लिहिणाऱ्याचे सगळे लक्ष पदार्थावर असते, त्यामुळे क्रियापदांची रूपे वाक्यागणिक बदलत जातात आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. यंदा आलेल्या भुट्ट्याच्या किसाच्या पाककृतीत या कामातले जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र भेटले, म्हणून तिचे संपादन कसे झाले ते येथे सांगते.

भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याची कणसे किसून केलेला पदार्थ, इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊच्या दुकानांत रात्री मिळतो आणि पावसाळ्यात इथल्या बहुतेक मराठी घरांतही होतो. पाककृती शेजारच्या काकूंनी दिली होती. ती जशी आली तशीच आधी देते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

‘साहित्य – कणसे ४-५, दुध १ वाटी, तूप ३ चमचे, हिरवी मिर्ची, आलं, जीरे, हींग, हळद, साखर, लिंबू, कोथिंबिर, खोबरं.

कृती – कणसे सोलून धुवून किसून घेणे. कढईत तुप गरम करून जीरे टाका, हींग टाकावी. वाटलेली मिर्ची आणि आलं घाल. मग भुट्ट्याचा कीस टाकून मंद आचेवर परतायचा. आच मोठी करू नको. तूप सुटले की हळद टाकून एक वाटी दुध घालावा. झाकण ठेऊन दोन वाफा येवू द्या. दुधात कीस शिजतो आणि दूध आटते. मीठ, साखर घाला. लिंबू पिळावा, कोथिंबिर खोबरं पेरून खायला द्यावे.’

रेघा ओढून झाल्यावर सूचना देण्याची पाच वेगवेगळी रूपे समोर आली. ‘घेणे’ हे नोंदवहीत लिहिण्याचे रूप आहे. ‘टाका’, ‘द्या’, ‘घाला’ ही अनेकवचनी आज्ञार्थाची रूपे आहेत, तर ‘घाल’ आणि ‘करू नको’ एकवचनी आज्ञार्थाची. ‘परतायचा’ हे समोर बसलेल्या माणसाला रीत समजावून सांगताना तोंडात येते. ‘टाकावी’, ‘घालावा’, ‘पिळावा’, ‘द्यावे’ हे विध्यर्थ आहेत. एवढी सरमिसळ कशी झाली, हे मी काकूंनाच विचारले. त्या म्हणाल्या, “अगं, सुरुवातीचं सासूबाईंच्या वहीतून उतरवलं. मधलं सुनेला फोनवर सांगितलं होतं, तेच लिहिलं. आणि शेवटी वाटलं, छापायचंय, तर जरा नीट लिहावं.” मजकुराचे तीन तुकडे आणि त्यांतले सांधे त्यांनी तीन वाक्यांत दाखवून दिले. तेव्हापासून पाककृतीत क्रियापदाचे रूप बदलले की तिथे मजकुराचा स्रोतही बदलला असावा असे मी धरते, आणि अशा सांध्यावर एखादी पायरी गळली आहे का, ते आवर्जून पाहते. इथे तसे झालेच होते. वहीतला भाग संपून फोनवरचा भाग सुरू होतो, तिथे मिरची आणि आले ‘वाटलेले’ होते, पण ते वाटण्याची सूचना कुठेच नव्हती.

आता एकच रूप निवडायचे होते. ‘घाल’ आणि ‘परतायचा’ घरच्या माणसाला शोभतात. छापील पानावर अनोळखी वाचकाला ती सलगीची वाटतात. ‘घेणे’, ‘घालणे’ ही रूपे सलग वाचली तर कार्यालयीन टिपणासारखी कोरडी होतात. खरी निवड ‘घाला’ आणि ‘घालावे’ यांतच असते. ‘घाला’ सोपे आहे, कारण ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. तूप घाला, साखर घाला, मिरच्या घाला, सगळीकडे एकच रूप चालते आणि चुकायला जागा राहत नाही. मुलांच्या शिबिरासाठी किंवा पाकिटावर छापायच्या चार ओळींसाठी मी डोळे मिटून हेच रूप घेते. ‘घालावे’ मात्र प्रत्येक वेळी वाकवावे लागते: कीस घालावा, साखर घालावी, तूप घालावे, भुट्टे घालावेत, मिरच्या घालाव्यात, कणसे घालावीत.

तरीही या पाककृतीसाठी मी विध्यर्थ निवडला. मराठीत पाककृती लिहिताना आपण कर्म वारंवार गाळतो. ‘मंद आचेवर परता’ एवढेच लिहिले तर काय परतायचे, ते वाचकाला मागच्या वाक्यातून शोधावे लागते. ‘मंद आचेवर परतावा’ म्हटले की कीस परतायचा आहे हे क्रियापदच सांगते, कारण कढईत त्या वेळी दुसरी पुल्लिंगी वस्तू असली तर ती चिमूटभर हिंग. ‘परतावे’ असते तर वाटण परतायचे आहे असा अर्थ झाला असता. क्रियापदाचे हे बोट दाखवणे ओट्याशी उभ्या असलेल्या आणि मधूनच पानावर नजर टाकणाऱ्या माणसाच्या फार उपयोगी पडते. मात्र त्यासाठी लिंग आणि वचन बिनचूक हवे. ते चुकले तर बोट भलत्याच वस्तूकडे वळते.

इंदूरमध्ये ते चुकण्याचे एक खास कारण आहे. घरात मराठी आणि बाहेर दिवसभर हिंदी, असे आमचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि स्वयंपाकघरातल्या अनेक वस्तूंचे लिंग दोन्ही भाषांत जुळत नाही. हिंदीत हींग स्त्रीलिंगी आहे, म्हणून काकूंच्या हातून ‘हींग टाकावी’ असे उतरले. मराठीत हिंग पुल्लिंगी आहे, म्हणून ‘हिंग घालावा’. दूध आणि नींबू हिंदीत पुल्लिंगी आहेत, कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही. मराठीत दूध, लिंबू, तूप, मीठ, जिरे, आले आणि खोबरे ही सगळी नपुंसकलिंगी आहेत. त्यामुळे ‘दूध घालावे’ आणि ‘लिंबू पिळावे’ हीच रूपे योग्य. हळद, साखर, मिरची दोन्हीकडे स्त्रीलिंगी असल्यामुळे तिथे कोणी अडखळत नाही. इथल्या मजकुरात मी म्हणूनच आधी नपुंसकलिंगी वस्तूंपुढची क्रियापदे तपासते. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

कणसे आणि भुट्टे यांचेही असेच झाले. साहित्यात कणसे होती, पुढे कीस मात्र भुट्ट्याचा झाला होता. पदार्थाच्या नावात भुट्टा आहे आणि इथल्या घरांत तोच शब्द चालतो, म्हणून सगळीकडे ‘भुट्टे’ केले. पण एवढा एक शब्द बदलला की त्याचे क्रियापदही बदलते. कणसे नपुंसकलिंगी, म्हणून ‘किसावीत’. भुट्टे पुल्लिंगी, म्हणून ‘किसावेत’. नाम बदलून क्रियापद तसेच ठेवलेली वाक्ये घाईच्या संपादनात हमखास राहून जातात.

मापाचा शब्द मध्ये आला की आणखी एक पेच पडतो. ‘एक वाटी दूध’ या रचनेत क्रियापद वाटीप्रमाणे चालवायचे की दुधाप्रमाणे? घालायचे असते दूध, वाटी हे फक्त त्याचे माप आहे, म्हणून क्रियापद दुधाप्रमाणे चालते: ‘एक वाटी दूध घालावे’, ‘पाव चमचा हळद घालावी’, ‘चार चमचे तूप घालावे’. संख्येचे विशेषण मात्र मापाशी जुळते: अर्धी वाटी दूध, अर्धा चमचा जिरे. मापच नसेल तर ते थेट वस्तूशी जुळते, म्हणून अर्धे लिंबू. ‘अर्धी वाटी दूध घालावे’ या वाक्यात एक टोक स्त्रीलिंगी आणि दुसरे नपुंसकलिंगी दिसते, म्हणून कोणीतरी ‘घालावी’ अशी दुरुस्ती सुचवतोच. मूळ रचनाच बरोबर आहे. दोन वस्तू ‘व’ने जोडल्या असतील तर मी क्रियापद जवळच्या नामाशी जुळवते, आणि उच्चार सुखाचा होईल असा नामांचा क्रम लावते. ‘मिरच्या व आले वाटावे’ यापेक्षा ‘आले व मिरच्या वाटाव्यात’ हे मला अधिक सरळ वाटते.

नकारार्थी सूचनाही त्याच रूपाच्या कुळातली हवी. ‘घाला’बरोबर ‘घालू नका’ शोभते आणि ‘घालावे’बरोबर ‘घालू नये’. काकूंचे ‘आच मोठी करू नको’ म्हणून ‘आच मोठी करू नये’ असे झाले. संपादनात नकार सर्वांत जास्त सुटतात, कारण आपण ‘वे’ आणि ‘वी’ शोधत पुढे जातो आणि ‘नको’ कडेला राहून जाते.

एका वाक्यातल्या क्रियापदांच्या रूपांना मात्र मी हात लावला नाही. ‘दुधात कीस शिजतो आणि दूध आटते’ हे वाचून मंडळातल्या एका तरुण सहकाऱ्याने तिथेही ‘कीस शिजवावा, दूध आटवावे’ करू या, म्हणजे सगळे एकसारखे होईल, असे सुचवले. पण त्या वाक्यात सूचना नाही. झाकणाखाली आपोआप काय घडते, ते त्यात सांगितले आहे. ‘दूध आटवावे’ असे लिहिले तर वाचक आच वाढवून दूध आटवायला जाईल आणि कीस तळाला लागेल. हाताने करायच्या कृतीला विध्यर्थ द्यावा, आणि डोळ्यांनी किंवा नाकाने ओळखायच्या खुणेला वर्तमानकाळ किंवा ‘सुटू लागले की’ यासारखी रचना ठेवावी. रूपांची एकसारखेपणाची मागणी फक्त सूचनांपुरती आहे.

यानंतर प्रमाणे. साहित्यातली प्रत्येक वस्तू कृतीत एकदा तरी आली पाहिजे आणि कृतीतली प्रत्येक वस्तू साहित्यात असली पाहिजे, हे मी दोन्हीकडे टिचक्या करून पडताळते. इथे मीठ साहित्यात नव्हतेच, आणि मिरचीपासून खोबऱ्यापर्यंत कशालाच प्रमाण नव्हते. ‘४-५ भुट्टे’ हेही अपुरे होते, कारण भुट्ट्याच्या आकारावर आणि कोवळेपणावर कीस किती निघतो ते ठरते आणि दुधाचे माप किसावर अवलंबून असते. मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नेहमीप्रमाणे केलेला कीस मापून घेतला. मध्यम आकाराच्या, दाणा दाबल्यावर दुधासारखा रस येईल अशा चार भुट्ट्यांचा साधारण दोन वाट्या कीस निघाला. त्यांचा तुपाचा चमचा बरणीत ठेवलेला खोलगट चमचा होता. तसे तीन भरून घेतले तेव्हा नेहमीचे चार मोठे चमचे झाले. ‘एक वाटी दूध’ त्या एकदम ओततच नव्हत्या. अर्धी वाटी घालायच्या, ती आटली की उरलेली. लिंबू त्या गॅस बंद केल्यावरच पिळायच्या, कारण दूध पुरते आटले नसेल तर तापत्या कढईत ते फाटते. या दोन्ही गोष्टी लेखी मजकुरात नव्हत्या, कारण हाताला सवयीच्या झालेल्या गोष्टी लेखणीत उतरत नाहीत.

अपूर्णांक मी अक्षरांत लिहिते. ‘१/२’ मधली तिरपी रेघ अक्षरजुळणीत कधी गळते आणि मग अर्ध्याचे बारा होतात. पाव, अर्धा, पाऊण, दीड असे नेमके शब्द मराठीत आहेत, तेव्हा तो धोका घेण्याचे कारण नाही.

शुद्धलेखन शेवटी घेते, कारण आधीच्या दुरुस्त्यांत शब्द बदलत असतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले ४ नियम हा माझा आधार आहे, आणि पाककृतीला त्यांतले दोन-तीनच वारंवार लागतात. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याआधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो: मीठ, दूध, तूप, कीस, कोथिंबीर. त्याच शब्दाला विभक्ती लागली की तो ऱ्हस्व होतो: मिठाचे, दुधात, तुपावर, किसाला. काकूंचे ‘दुध’ आणि ‘तुप’ म्हणून दीर्घ झाले, ‘दुधात’ मात्र आधीच बरोबर होते. शेवटचा स्वर दीर्घ असेल तर अलीकडचा ऱ्हस्व, म्हणून ‘जिरे’. अनुस्वार आला की बहुधा ऱ्हस्व, म्हणून ‘हिंग’ आणि ‘लिंबू’. ‘हींग’, ‘जीरे’ आणि ‘मिर्ची’ ही वळणे हिंदीतून येतात, आणि फोनवर हिंदी कळफलक असेल तर तो ती पुढेही करतो.

दुसरा नियम ‘ऊन’ आणि ‘वून’ यांचा. धातूत मुळात ‘व’ असेल तर ‘वून’: ठेव – ठेवून, लाव – लावून, शिजव – शिजवून. नसेल तर ‘ऊन’: धू – धुऊन, घे – घेऊन, हो – होऊन. काकूंकडे नेमके उलट झाले होते, ‘धुवून’ आणि ‘ठेऊन’. ‘येवू द्या’चे ‘येऊ’ होते तेही याच कारणाने. ‘आलं’, ‘खोबरं’ ही बोलण्यातली रूपे बोलण्यात गोडच आहेत, पण ‘घालावे’ लिहायचे ठरवले तर ‘आले’, ‘खोबरे’ असेच हवे.

त्या तरुण सहकाऱ्याने संगणकावर ‘दुध’च्या जागी ‘दूध’ असा एकदम बदल करून देण्याची तयारी दाखवली. मी त्याला एका वाक्यावर करून दाखवले: त्या बदलात ‘दुधात’चे ‘दूधात’ आणि ‘दुधाळ’चे ‘दूधाळ’ होते. असा शब्द शोधावा, पण प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतः बदलावा. शोधाचा खरा उपयोग राहिलेली रूपे पकडण्यासाठी होतो. ‘ायच’ एवढीच अक्षरे शोधली की ‘परतायचा’, ‘घालायचे’ सगळे सापडते. मग ‘नको’, ‘नका’ आणि ‘टाक’ शोधावे. काकूंच्या ‘टाका’चे मी सगळीकडे ‘घालणे’ केले, कारण एकाच कृतीला एकाच पाककृतीत दोन क्रियापदे असली की वाचक त्यांत फरक शोधू लागतो.

तयार झालेला मजकूर असा:

साहित्य: मध्यम आकाराचे दुधाळ भुट्टे ४ (किसून साधारण २ वाट्या), दूध १ वाटी, तूप ४ मोठे चमचे, जिरे अर्धा चहाचा चमचा, हिंग चिमूटभर, हिरव्या मिरच्या ३, आले १ इंचाचा तुकडा, हळद पाव चहाचा चमचा, मीठ पाऊण चहाचा चमचा, साखर १ चहाचा चमचा, लिंबू अर्धे, चिरलेली कोथिंबीर २ मोठे चमचे, खवलेले ओले खोबरे २ मोठे चमचे.

कृती: भुट्टे सोलून धुऊन घ्यावेत, पुसावेत आणि बारीक किसणीवर किसावेत. आले व मिरच्या वाटाव्यात. कढईत तूप तापवावे. त्यात जिरे घालावे आणि ते तडतडल्यावर हिंग घालावा. आले-मिरचीचे वाटण घालून थोडे परतावे. मग कीस घालावा आणि मंद आचेवर सतत परतावा. आच मोठी करू नये व कीस तळाला लागू देऊ नये. कच्चा वास गेला आणि कडेने तूप सुटू लागले की हळद व मीठ घालावे. अर्धी वाटी दूध घालावे, ते आटल्यावर दुसऱ्यांदा उरलेले दूध घालावे. झाकण ठेवून दोन वाफा येऊ द्याव्यात. दोन्ही वाफांच्या मध्ये कीस तळापासून हलवावा. दुधात कीस शिजतो, दूध आटते आणि कीस मऊ होतो. साखर घालून एकदा हलवावे. गॅस बंद करून लिंबू पिळावे. कोथिंबीर व खोबरे पेरून कीस गरमच वाढावा.

‘साखर घालून एकदा हलवावे’ येथे ‘हलवावे’ हे रूप मुद्दाम ठेवले आहे, कारण त्या वाक्यात कर्म सांगितलेलेच नाही आणि कढईतले सगळेच एकत्र हलवायचे आहे. ‘हलवावी’ लिहिले असते तर फक्त साखर हलवायची आहे असे वाटले असते. लगेच आधीच्या वाक्यात ‘कीस मऊ होतो’ असल्याने काही वाचकांना ‘हलवावा’ अधिक पटेल, आणि त्यालाही माझी हरकत नाही.

छापखान्याकडून आलेल्या मुद्रितात एकच जागा बिघडलेली होती: ‘दुसऱ्यांदा’. मराठीतला हा ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो, एक नुक्त्याच्या ‘ऱ’ने आणि दुसरा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण टंक बदलताना ते जोडचिन्ह गळले तर ‘र’चा रफार होऊन ‘दुसर्यांदा’ छापले जाते. एका प्रकाराने शोधले तर दुसरा सापडतही नाही. म्हणून सगळ्या विभागात दोन्ही प्रकारांनी शोध घेतला, जिथे ‘र’ होता तिथे ‘ऱ’ घातला, आणि त्यानंतरच पान छपाईसाठी मंजूर करून पाठवले.